बँक कर्जाचा संचालक मंडळ ठराव आणि इतिवृत्त: सही कोणाची, कशावर आणि किती रकमेपर्यंत

कर्जाचं मंजुरीपत्र हातात पडलं की दोन दिवसांत बँकेतून एका पानाचा फॉरमॅट येतो. सोबत निरोप असतो, ‘लेटरहेडवर टाइप करून सही-शिक्का मारून आणा.’ छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत बहुतेकदा तेच होतं. बैठक होत नाही, फॉरमॅटमधल्या रिकाम्या जागा भरल्या जातात, आणि कंपनी कोणालातरी नक्की किती अधिकार देऊन बसली हे कोणी वाचतही नाही. मी अशा फायली वर्षानुवर्षं तयार करत आलो आहे. ठरावातला दोष सहसा पैसे घेताना दिसत नाही. दोन संचालकांचं बिनसतं किंवा सही करणारा माणूस कंपनी सोडतो, तेव्हा तो दिसतो.

म्हणून एक उदाहरण घेऊन सगळा मजकूर तुकड्या-तुकड्याने लिहू. भोसरी एमआयडीसीतली सुटे भाग बनवणारी एक प्रायव्हेट कंपनी आहे. तिचे तीन संचालक आहेत: श्रीमती क (व्यवस्थापकीय संचालक), श्री. ख आणि श्री. ग. हिशेबाचं काम श्री. घ बघतात, ते नोकरीला आहेत. कंपनीला एक कोटीची सीएनसी मशीन घ्यायची आहे. बँकेने ८० लाखांचं मुदत कर्ज आणि ४० लाखांची कॅश क्रेडिट, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख मंजूर केले आहेत. मशीनचे उरलेले २० लाख कंपनी स्वतः भरणार. तारण आहे नवी मशीन, माल आणि येणी, शिवाय कारखान्याचा भाडेपट्ट्याचा भूखंड. मंजुरीपत्राची तारीख ३ जून २०२५.

बैठकीआधी तपासायच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट, हा ठराव प्रत्यक्ष बैठकीतच व्हावा लागतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७९(३) मध्ये मंडळाचे जे अधिकार फक्त बैठकीत वापरता येतात असं सांगितलं आहे, त्यात पैसे कर्जाऊ घेण्याचा अधिकार आहे. एरवी कलम १७५ प्रमाणे मसुदा सगळ्यांना पाठवून संमती घेता येते, पण कर्जासाठी तो रस्ता बंद आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिघांनी ‘मंजूर’ लिहिलं तरी तो ठराव होत नाही. हा अधिकार मंडळाला संचालकांच्या समितीकडे किंवा व्यवस्थापकीय संचालकाकडे सोपवता येतो, पण तसं सोपवायचा ठरावही बैठकीतच करावा लागतो. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहिलेला संचालक हजर धरला जातो, फक्त तशी नोंद इतिवृत्तात हवी.

याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक उपयोगी गोष्ट आहे. बँकेशी व्यवहार करताना कर्ज घेणं म्हणजे ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिटची व्यवस्था ठरवणं. त्या खात्यातून रोज पैसे काढणं नव्हे. त्यामुळे प्रत्येक चेकला ठराव लागत नाही. एकदा मर्यादा ठरवली आणि खातं कोण चालवणार ते ठरवलं की पुरे.

दुसरी गोष्ट मर्यादेची. कलम १८०(१)(क) म्हणतं की एकूण कर्ज हे भरणा झालेलं भागभांडवल, मुक्त राखीव निधी आणि सिक्युरिटीज प्रीमियम यांच्या बेरजेपेक्षा जास्त होणार असेल तर भागधारकांचा विशेष ठराव हवा. आपल्या कंपनीचं भागभांडवल २५ लाख आणि मुक्त राखीव ६० लाख आहे, प्रीमियम काही नाही. बेरीज ८५ लाख. आता कर्ज मोजू. ४० लाखांची कॅश क्रेडिट मागणी होताच फेडायची असते, ती ‘तात्पुरतं कर्ज’ म्हणून बाहेर राहते. मुदत कर्ज ८० लाख आणि जुन्या टेम्पोचं शिल्लक कर्ज ९ लाख, म्हणजे ८९ लाख. मर्यादेच्या चार लाख वर.

मग विशेष सभा बोलवायची का? प्रायव्हेट कंपनीला ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने कलम १८० मधून सूट आहे. पण १३ जून २०१७ च्या अधिसूचनेने त्या सुटीला अट लावली: कंपनीने ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे भरण्यात कसूर केलेली नसावी. दोन वर्षांची विवरणपत्रं थकली असतील तर सूट मिळत नाही, आणि बँकेचा वकील नेमकं हेच पोर्टलवर बघतो. याशिवाय कंपनीची स्वतःची नियमावली, म्हणजे आर्टिकल्स, उघडून कर्जाचं कलम वाचा. जुन्या आर्टिकल्समध्ये कधीकधी स्वतंत्र मर्यादा असते, आणि ती सरकारी सुटीने पुसली जात नाही. सगळं ठीक असेल तर त्याचं एक वाक्य ठरावात येईल.

नोटीस

बैठकीची लेखी नोटीस किमान सात दिवस आधी प्रत्येक संचालकाला गेली पाहिजे, कलम १७३ प्रमाणे. हे दिवस मोजताना नोटिशीचा दिवस आणि बैठकीचा दिवस दोन्ही सोडायचे. ६ जूनला ईमेल केली तर ७ ते १३ हे सात दिवस, म्हणून १४ जूनपासून बैठक घेता येईल. आपण सोमवार, १६ जून २०२५ धरू. नोटिशीत ‘बँकेसंबंधी विषय’ असं मोघम लिहू नका. विषय असा लिहा:

> विषय क्र. ४: बँकेच्या दि. ३ जून २०२५ च्या मंजुरीपत्रानुसार रु. १,२०,००,००० पर्यंतच्या कर्जसुविधा स्वीकारणे, त्यासाठी तारण देणे आणि कागदपत्रांवर सह्या करण्यास व खाते चालवण्यास व्यक्ती अधिकृत करणे. मंजुरीपत्राची प्रत आणि ठरावाचा मसुदा सोबत जोडला आहे.

मसुदा सोबत जोडण्याचं कारण पुढे प्रमाणित प्रतीपाशी येईल.

ठराव: पाच वेगळ्या परवानग्या

बँकेच्या फॉरमॅटमध्ये सगळं एका लांबलचक वाक्यात असतं. वाचायला ते एकच काम वाटतं. प्रत्यक्षात त्यात निदान पाच परवानग्या असतात: कर्ज स्वीकारणं, तारण देणं, करारावर सही करणं, खातं चालवणं आणि नंतरची सरकारी नोंदणी. या पाचही एकाच माणसाकडे द्यायचं काही कारण नसतं. प्रत्येक परवानगीला वेगळं कलम दिलं की कोण, कशावर, किती हा प्रश्न आपोआप विचारला जातो. बँक इंग्रजी प्रत मागेल. तरी आधी मराठीत ठरवून घ्या आणि मग कलमागणिक जुळवा.

पहिलं कलम कर्जाचं.

> असे ठरविण्यात येते की, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७९(३) व कंपनीच्या आर्टिकल्समधील तरतुदींनुसार, ……… बँक, ……… शाखा (यापुढे ‘बँक’) यांच्याकडून त्यांच्या मंजुरीपत्र क्र. ……… दि. ३ जून २०२५ मधील अटींवर एकूण रु. १,२०,००,००० (रुपये एक कोटी वीस लाख फक्त) पेक्षा जास्त नाही अशा कर्जसुविधा घेण्यास मंडळाची मान्यता देण्यात येत आहे. त्यात (अ) सीएनसी मशीन खरेदीसाठी मुदत कर्ज रु. ८०,००,००० आणि (आ) खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट रु. ४०,००,००० यांचा समावेश आहे. मंजुरीपत्राची प्रत बैठकीत मांडण्यात आली असून ओळखीसाठी अध्यक्षांनी तिच्यावर आद्याक्षरी केली आहे.

> नोंद घेण्यात येते की, कंपनीने वित्तीय विवरणपत्रे व वार्षिक विवरणपत्र दाखल करण्यात कसूर केलेली नाही आणि प्रायव्हेट कंपनी म्हणून तिला कलम १८० लागू होत नाही.

‘पेक्षा जास्त नाही’ हे शब्द आणि दोन सुविधांचे वेगळे आकडे सोडू नका. फक्त एकूण रक्कम लिहिली तर मुदत कर्ज कमी करून कॅश क्रेडिट वाढवणं हे त्याच ठरावात बसतं असं उद्या कोणी म्हणू शकतो. व्याजदर ठरावात परत टाइप करू नका. मंजुरीपत्राचा क्रमांक आणि तारीख दिली की दर त्यातच येतो. दोन ठिकाणी लिहिला की अर्ध्या टक्क्याचा फरक पडून फाइल परत येते.

दुसरं कलम तारणाचं. इथे एक वाक्य जवळजवळ नेहमी राहून जातं.

> पुढे असे ठरविण्यात येते की, वरील सुविधांच्या सुरक्षेसाठी कंपनीच्या वतीने बँकेच्या लाभात (अ) खरेदी करावयाच्या सीएनसी मशीनचे, (आ) कंपनीच्या सध्याच्या व भविष्यातील मालसाठ्याचे आणि येण्यांचे नजरगहाण, तसेच (इ) भोसरी एमआयडीसीतील भूखंड क्र. ……… यावरील भाडेपट्टा हक्काचे, एमआयडीसीच्या संमतीच्या अधीन राहून, हक्कपत्रे जमा करून गहाण निर्माण करण्यात यावे. आणि श्रीमती क, व्यवस्थापकीय संचालक, यांना सदर हक्कपत्रे गहाण निर्माण करण्याच्या हेतूने बँकेकडे जमा करण्यास व त्यासंबंधीचे निवेदन देण्यास अधिकृत करण्यात येत आहे.

राहून जाणारं वाक्य म्हणजे ‘गहाण निर्माण करण्याच्या हेतूने जमा करण्यास’. हक्कपत्रं ठेवून होणाऱ्या गहाणात हेतू हाच गाभा असतो. कागद नुसते सांभाळायला दिले की गहाण ठेवले, हे जमा करणाऱ्याच्या हेतूवरून आणि त्याला दिलेल्या अधिकारावरून ठरतं. ‘कर्जाच्या कागदांवर सही करण्यास’ अधिकृत केलेल्या माणसाकडे हा अधिकार असतोच असं नाही, म्हणून बँकेचा पॅनल वकील ठराव परत पाठवतो. आणि भूखंड भाडेपट्ट्याचा असल्यामुळे एमआयडीसीची संमती वेगळी मिळवावी लागते. ती हाती यायच्या आधी मुदत कर्ज उचललं जाईल असं धरून मशीनवाल्याला तारीख देऊ नका.

याच कलमानंतर संचालकांच्या वैयक्तिक हमीचा विषय येतो. बँकेच्या फॉरमॅटमध्ये ‘संचालकांच्या हमीस मंडळ मान्यता देत आहे’ असं असतं. ते बदलून घ्या. संचालकाची हमी हा त्याचा स्वतःचा करार आहे. मंडळ ती त्याच्या वतीने देऊ शकत नाही आणि एखाद्याने नकार दिला तर ठरावाने ती त्याच्यावर लादताही येत नाही. म्हणून फक्त एवढं लिहावं:

> नोंद घेण्यात येते की, मंजुरीपत्रातील अटीनुसार श्रीमती क व श्री. ख हे त्यांच्या वैयक्तिक क्षमतेत बँकेला स्वतंत्र हमीपत्रे देणार आहेत.

श्री. ग हमी देणार नसतील तर त्यांचं नाव इथे नसणं हेच त्यांचं संरक्षण आहे.

तिसरं कलम सह्यांचं, म्हणजे बँकवाले ज्याला ऑथोराइज्ड सिग्नेटरी म्हणतात त्यांचं. नाव पॅन किंवा मतदार ओळखपत्रावर जसं आहे तसंच लिहा. अधिकृत माणसाचं नाव, हुद्दा आणि संचालक असेल तर त्याचा संचालक ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, हे तिन्ही हवेत. ‘कंपनीचा कोणताही संचालक’ हे तीन शब्द मी कधीही ठेवत नाही. उद्या नेमला जाणारा चौथा संचालकही त्यात येतो.

> पुढे असे ठरविण्यात येते की, श्रीमती क, व्यवस्थापकीय संचालक (डीआयएन ………) आणि श्री. ख, संचालक (डीआयएन ………) यांना संयुक्तपणे, कंपनीच्या वतीने मंजुरीपत्राची स्वीकृती, कर्ज करार, नजरगहाणखत, वचनचिठ्ठी आणि मंजुरीपत्रात नमूद केलेली इतर कर्जविषयक कागदपत्रे यांवर सही करण्यास व ती बँकेस देण्यास अधिकृत करण्यात येत आहे. मात्र कर्जाची रक्कम वाढवणे, नवीन तारण देणे किंवा परतफेडीची मुदत बदलणे यांसाठी मंडळाचा स्वतंत्र ठराव आवश्यक राहील. या अधिकृत व्यक्तींना हा अधिकार दुसऱ्या कोणाकडे सोपवता येणार नाही.

‘संयुक्तपणे’ की ‘दोघांपैकी कोणीही एक’, हा या ठरावातला सगळ्यांत महागडा शब्द आहे. करारावर दोन सह्यांनी कामाला एखादा दिवस उशीर होईल, पण कर्ज वर्षानुवर्षं चालतं, तेव्हा इथे संयुक्तच ठेवावं असं मला ठामपणे वाटतं. ‘मात्र’पासून सुरू होणारं वाक्य बँकेच्या फॉरमॅटमध्ये नसतं, उलट तिथे ‘बँक वेळोवेळी सुचवेल ते सर्व बदल मान्य करण्यास’ असं असतं. त्या वाक्याने मंडळाने घातलेली १ कोटी २० लाखांची मर्यादा पोकळ होते. शाखेतल्या अधिकाऱ्याला शांतपणे सांगितलं की छोट्या बदलांना आमची हरकत नाही, रक्कम, तारण आणि मुदत एवढंच राखून ठेवतोय, तर ते सहसा ऐकतात. एका कंपनीत हे वाक्य न बदलता सही झाली होती. दीड वर्षाने एका संचालकाच्या एकट्याच्या सहीने मर्यादा वाढवली गेली आणि बाकीच्या दोघांना ते वार्षिक हिशेबात कळलं. बँकेची त्यात काही चूक नव्हती. ठरावाने तेवढा अधिकार दिलाच होता.

खरं तर कायदा बाहेरच्या माणसाच्या बाजूने झुकलेला आहे. १८५६ च्या रॉयल ब्रिटिश बँक विरुद्ध टर्कांड या इंग्लंडमधल्या खटल्यापासून हे तत्त्व चालत आलं आहे: कंपनीच्या नियमावलीत बसणारा अधिकार संचालकांनी वापरला, तर आतली प्रक्रिया नीट पाळली होती असं बाहेरच्याला प्रामाणिकपणे धरून चालता येतं. तोही खटला बँकेने कंपनीला दिलेल्या पैशांवरूनच होता. म्हणजे आत काय ठरलं होतं हे नंतर सांगून कंपनीची सुटका होत नाही. बंधन घालायचं ते बँकेच्या हातात जाणाऱ्या कागदावरच घालावं लागतं.

चौथं कलम रोजच्या खात्याचं. इथे मात्र दोन सह्यांचा हट्ट धरला तर पगाराच्या दिवशी पंचाईत होते.

> पुढे असे ठरविण्यात येते की, बँकेतील कॅश क्रेडिट खाते प्रत्येक व्यवहार रु. २,००,००० पर्यंत असल्यास श्रीमती क किंवा श्री. ख यांपैकी कोणाही एकाच्या सहीने आणि त्यापुढील रकमेसाठी दोघांच्या संयुक्त सहीने चालवण्यात यावे. हीच मर्यादा इंटरनेट बँकिंगमधील व्यवहारांनाही लागू राहील. मुदत कर्जाची रक्कम मशीन विक्रेत्यास थेट अदा करण्याची विनंती दोघांच्या संयुक्त सहीने देण्यात यावी. मासिक मालसाठा व येणी विवरणपत्र श्री. घ, लेखा व्यवस्थापक, यांनी तयार करून श्रीमती क यांच्या सहीसह बँकेस सादर करावे.

इंटरनेट बँकिंगचं वाक्य मुद्दाम आहे. चेकला दोन सह्या आणि ऑनलाइन मात्र एकाच युजर आयडीवर सगळे हक्क, अशी खाती मी पाहिली आहेत. ठराव दिल्यावर बँकेच्या फॉर्ममध्ये एक जण नोंद करणार आणि दुसरा मंजुरी देणार अशी रचना भरून घ्या, नाहीतर ठराव कागदावरच राहतो.

मालसाठ्याच्या विवरणपत्राला लोक किरकोळ समजतात. पण कॅश क्रेडिटमधून किती उचलता येईल ते बँक त्यावरूनच ठरवते. ते चुकीचं निघालं तर सही करणाऱ्याकडे बोट दाखवलं जातं, म्हणून पगारी माणसाच्या एकट्या सहीवर ते सोडू नये.

पाचवं कलम तारणाच्या सरकारी नोंदणीचं, म्हणजे सीएचजी-१ या अर्जाचं, आणि प्रमाणित प्रतीचं.

> पुढे असे ठरविण्यात येते की, श्रीमती क यांना सीएचजी-१ अर्जावर डिजिटल सही करून तो कंपनी निबंधकाकडे दाखल करण्यास, आणि श्री. ग, संचालक, यांना या ठरावाची प्रमाणित प्रत व अधिकृत व्यक्तींच्या नमुना सह्या बँकेस देण्यास अधिकृत करण्यात येत आहे. या ठरावात केलेला बदल किंवा रद्दीकरण याची लेखी सूचना बँकेस पोहोचेपर्यंत बँक या ठरावावर विसंबू शकेल.

शेवटचं वाक्य बँक मागतेच आणि ते द्यायला हरकत नाही. फक्त त्याचा अर्थ समजून द्या: सही करणारा कंपनी सोडून गेला तरी बँकेच्या दृष्टीने तो अधिकृतच राहतो, तुम्ही कळवेपर्यंत.

इतिवृत्त

ठराव हा इतिवृत्ताचा एक भाग असतो. सुटा कागद नव्हे. कलम ११८ आणि कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेचं एसएस-१ हे मानक, दोन्ही पाळावं लागतं. निवेदन भूतकाळात आणि तृतीय पुरुषात लिहायचं, ठराव वर्तमानकाळात. सुरुवात अशी:

> कंपनीच्या संचालक मंडळाची २०२५-२६ मधील दुसरी बैठक सोमवार, दि. १६ जून २०२५ रोजी सकाळी ११ वाजता कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात सुरू झाली. उपस्थित: श्रीमती क (अध्यक्षस्थानी), श्री. ख, आणि श्री. ग (नाशिक येथून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे). गणपूर्ती असल्याची खात्री करून अध्यक्षांनी बैठकीचे कामकाज सुरू केले.

गणपूर्ती म्हणजे एकूण संचालकांच्या एक तृतीयांश किंवा दोन, यातली मोठी संख्या. तीन संचालकांना दोन पुरतात.

नंतर मागच्या इतिवृत्ताची नोंद, आणि मग आपला विषय. इथे चर्चा शब्दशः नको, पण निर्णय कशाच्या आधारावर झाला ते दिसलं पाहिजे:

> श्रीमती क यांनी बँकेचे दि. ३ जून २०२५ चे मंजुरीपत्र, मशीनचे दरपत्रक व परतफेडीचे तक्ते मंडळापुढे मांडले. रु. २०,००,००० ची स्वतःची रक्कम कोठून येईल, असे श्री. ग यांनी विचारले. ती अंतर्गत शिलकीतून भरली जाईल असे श्री. ख यांनी सांगितले. मशीन विक्रेत्याशी कोणत्याही संचालकाचा हितसंबंध नसल्याचे तिन्ही संचालकांनी सांगितले. चर्चेनंतर पुढील ठराव सर्वानुमते संमत करण्यात आला.

हितसंबंधाचं वाक्य केवळ खरं असेल तेव्हाच लिहा. विक्रेता फर्ममध्ये एखादा संचालक भागीदार असेल तर कलम १८४ प्रमाणे त्याने ते बैठकीत उघड करायचं आणि तसं नोंदवायचं. कोणी विरोध केला असेल तर नावासह लिहायचं: ‘श्री. ग यांनी ठरावाच्या विरोधात मत नोंदवले.’ हे वाक्य गाळायला सांगणारे भेटतात. गाळू नका, विरोध करणाऱ्याचा तो हक्क आहे आणि बहुमताने झालेला ठराव बँकेला चालतो.

यानंतर पाचही कलमं जशीच्या तशी, आणि शेवटी बैठक संपल्याची वेळ. मसुदा १५ दिवसांत, म्हणजे १ जुलैपर्यंत, सगळ्या संचालकांना जातो. त्यांना सात दिवस सूचना द्यायला असतात. ३० दिवसांत, म्हणजे १६ जुलैपर्यंत, तो इतिवृत्त पुस्तकात क्रमांक घातलेल्या पानावर चढतो. प्रत्येक पानावर अध्यक्षांची आद्याक्षरी, शेवटच्या पानावर पूर्ण सही, तारीख आणि ठिकाण.

प्रमाणित प्रत

बँक तर आठवडाभरात प्रत मागते, महिनाभर थांबत नाही. ठरावाचा मजकूर बैठकीत मांडलेला असेल तर इतिवृत्तावर सही होण्याआधीही ठरावाची प्रमाणित प्रत देता येते. मसुदा नोटिशीला जोडायचा तो यासाठीच.

> कंपनीच्या संचालक मंडळाच्या दि. १६ जून २०२५ रोजी रीतसर बोलावलेल्या व गणपूर्तीसह झालेल्या बैठकीत संमत झालेल्या ठरावाची ही खरी प्रत आहे. हा ठराव आजपर्यंत बदललेला किंवा रद्द केलेला नाही. अधिकृत व्यक्तींच्या खालील नमुना सह्या माझ्यासमक्ष केल्या आहेत. सही: श्री. ग, संचालक, डीआयएन ………. ठिकाण व दिनांक.

ज्याला अधिकार मिळतो त्याने स्वतःच स्वतःची सही प्रमाणित करू नये, म्हणून श्री. ग. कंपनीला सेक्रेटरी असेल तर त्याने करावं.

फाइल परत येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तारखांचं असतं. ठराव १ जूनचा आणि त्यात उल्लेख ३ जूनच्या मंजुरीपत्राचा, हे शक्य नाही. किंवा कर्ज करार १२ जूनचा आणि तो करायचा अधिकार १६ जूनला. क्रम मंजुरीपत्र, नोटीस, बैठक, प्रमाणित प्रत, करार असाच हवा. चूक झाली तर मागची तारीख टाकून पान बदलू नका. इतिवृत्तात फेरफार केल्याबद्दल कलम ११८(१२) मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार ते एक लाख रुपये दंड आहे. नवी बैठक घ्या, आधी झालेल्या सहीला त्या बैठकीत मान्यता द्या आणि बँकेला तसं सांगा.

समजा करारावर सह्या २० जूनला झाल्या. तिथपासून ३० दिवसांत, २० जुलैपर्यंत, सीएचजी-१ भरायचा. त्यावर कंपनीची आणि बँकेची, दोघांची डिजिटल सही लागते, आणि अर्जात ठरावाचा क्रमांक व तारीख टाकावी लागते. म्हणून ठरावाला क्रमांक द्यायला विसरू नका. मुदत हुकली तर साठाव्या दिवसापर्यंत जादा फी भरून आणि त्यापुढे आणखी साठ दिवस कर्जाच्या रकमेवर ठरणाऱ्या जबर फीने नोंद होते. कलम १७९ चा ठराव एमजीटी-१४ या अर्जाने निबंधकाकडे भरण्यातून प्रायव्हेट कंपनीला, पुन्हा त्याच विवरणपत्रांच्या अटीवर, सूट आहे.

सही करणारा बदलला तर

समजा श्री. ख पुढच्या वर्षी राजीनामा देतात. राजीनाम्याने बँकेतला त्यांचा अधिकार संपत नाही. त्याच आठवड्यात बैठकीची नोटीस काढा आणि हा ठराव करा:

> असे ठरविण्यात येते की, दि. १६ जून २०२५ च्या ठराव क्र. ……… अन्वये श्री. ख यांना दिलेले सर्व अधिकार तात्काळ रद्द करण्यात येत आहेत आणि त्यांच्या जागी श्री. ग, संचालक (डीआयएन ………) यांना त्याच अटी व मर्यादांवर अधिकृत करण्यात येत आहे. सदर ठरावातील इतर सर्व तरतुदी कायम राहतील. श्रीमती क यांनी ही बाब बँकेस लेखी कळवून पोच घ्यावी.

सात दिवसांची नोटीस चालू असतानाच बँकेला ईमेल आणि पत्राने कळवा की श्री. ख यांच्या सहीचे व्यवहार थांबवावेत, त्यांचा इंटरनेट बँकिंगचा आयडी बंद करून घ्या आणि पत्रावर शाखेचा शिक्का व तारीख घ्या. तो शिक्का मारलेला कागद इतिवृत्त पुस्तकाजवळच्या फायलीत लावा. श्री. ख यांची वैयक्तिक हमी मात्र या ठरावाने सुटत नाही. ती सोडायची की नाही हे बँक ठरवते, आणि त्यासाठी श्री. ख यांनी स्वतः बँकेकडे अर्ज करायचा असतो.